नोटा आधी की महागाई आधी? ग्रेंजर चाचणी नेमकं काय सांगते

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रगती अहवालात एक वाक्य लिहिलं होतं: "चलनपुरवठा हे किमतींचे कारण नाही, उलट किमती हेच चलनपुरवठ्याचे कारण आहे, असे सिद्ध होते." सॉफ्टवेअरने दिलेली पी-व्हॅल्यू सोबत होतीच. समितीतल्या एका सरांनी "सिद्ध होते"खाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "नोटा छापणं थांबवलं तर काय होईल, हे या तक्त्यावरून सांगता येईल का?" मला उत्तर देता आलं नाही. विज्ञान शाखेतून आल्यामुळे 'कॉझॅलिटी' हा शब्द मी शब्दशः घेतला होता. तुमच्यापैकी अनेकजण हीच चाचणी लावणार आहात, म्हणून ही चूक नीट उलगडून बघू.

आधी चाचणी. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1969 साली मांडलेली कल्पना साधी आहे. महागाईचा अंदाज आधी फक्त महागाईच्याच मागच्या महिन्यांवरून करायचा. मग त्यात चलनवाढीचे मागचे महिने घालायचे. अंदाज लक्षणीय सुधारला, तर चलन महागाईला 'ग्रेंजर-कारण' ठरतं. नंतर दोन्हींच्या जागा बदलून तेच परत करायचं. आर मध्ये हे दोन ओळींचं काम आहे. `dp` म्हणजे किमतींच्या लॉगमधला मासिक बदल, `dm` म्हणजे चलनाच्या लॉगमधला:

```r
lmtest::grangertest(dp ~ dm, order = 2)
lmtest::grangertest(dm ~ dp, order = 2)
```

लक्षात घ्या, इथे प्रश्न फक्त अंदाजाचा आहे. कोणी हस्तक्षेप केला तर काय होईल, हे यात कुठेच विचारलेलं नाही.

आता खरी केस. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई इतकी वाढली, की नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. युद्धापूर्वी 4.2 मार्क पुरायचे. सरकारचा खर्च करांतून भागत नव्हता, म्हणून राईश्सबँक सरकारची कर्जपत्रं घेऊन नोटा छापत होती. यावर आज फारसा वाद नाही.

पण 1973 मध्ये थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी फिलिप केगन यांनी जमवलेल्या अतिमहागाईच्या आकडेवारीवर अशी चाचणी लावली, तेव्हा उत्तर उलटं निघालं. मागच्या महागाईवरून पुढच्या चलनवाढीचा अंदाज चांगला येत होता. मागच्या चलनवाढीवरून पुढच्या महागाईचा अंदाज सुधारतो, याला मात्र फारसा आधार मिळाला नाही. चाचणीचं शब्दशः ऐकलं, तर राईश्सबँकेचे तेव्हाचे अध्यक्ष रुडॉल्फ हावेनश्टाइन बरोबर ठरतात. मार्क घसरतो म्हणून किमती वाढतात आणि बँक फक्त वाढत्या गरजेपुरत्या नोटा पुरवते, असंच बँकेचं म्हणणं होतं.

हे कसं घडतं, ते एका छोट्या हिशोबात बघू. समजा लोक पुढचं बघून वागतात आणि आजची किंमत = निम्मं आजचं चलन + निम्मी उद्याची किंमत (सगळे आकडे लॉगमध्ये, सुरुवात शून्यावर). सरकारने पहिल्या महिन्यात जाहीर केलं, की चौथ्या महिन्यात चलन 16 ने वाढेल आणि नंतर तिथेच राहील. चौथ्या महिन्यात किंमत 16 होणार. मग तिसऱ्या महिन्यात चलन शून्य असूनही किंमत 16 च्या निम्मी, म्हणजे 8. दुसऱ्यात 4 आणि पहिल्यात 2. किमती पहिल्या महिन्यापासून चढतात आणि चलन चौथ्यात हलतं. चलन वाढल्यानंतर किमती आणखी हलतच नाहीत.

असे प्रसंग वारंवार आले, तर चाचणीला काय दिसेल? किमतींच्या हालचालीवरून चलनाचा अंदाज येतो. म्हणजे 'किमती हे कारण'. पण हा हिशोब आपणच मांडलाय. त्यात किमती वाढण्याचं एकमेव कारण येऊ घातलेलं चलन हेच आहे. कोकणात मे महिन्यात आगोटीची खरेदी होते आणि जूनमध्ये पाऊस येतो. खरेदीमुळे पाऊस पडला, असं आपण म्हणत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर तो योगायोग चाचणी बऱ्याच वेळा पकडते. फांदी मोडणार हे कळून आधीच उडालेला कावळा मात्र तिला फसवतो.

गंमत म्हणजे जर्मनीत उलटा दुवासुद्धा खरोखर होता. कर आज आकारला जायचा आणि काही आठवड्यांनी जमा व्हायचा. तोवर त्या मार्कांना किंमत उरायची नाही. तूट भरायला मग आणखी नोटा लागायच्या. म्हणजे महागाईमुळे छपाई वाढणं हेही खोटं नव्हतं. एकाच पी-व्हॅल्यूमागे लोकांची दूरदृष्टी असू शकते, हा उलटा दुवा असू शकतो किंवा दोन्ही असू शकतात. त्यामागची सरकारी तूट आपल्या समीकरणात नाहीच. दोन चलांच्या तक्त्यातून हे वेगळं करता येत नाही. लॅग वाढवले किंवा डेटा दुप्पट केला, तरी ही अडचण जात नाही. सार्जंट-वॉलेस यांनी म्हणूनच 'नोटा निर्दोष' असा निष्कर्ष काढला नाही. जवळपास ठरलेली खरी तूट नोटा छापून भागवणारं सरकार आणि पुढचं बघणारे लोक असतील, तर असाच निकाल का दिसेल, हे त्यांनी मॉडेलमधून दाखवलं. पेपरची खरी किंमत त्या मॉडेलमध्ये आहे. नुसत्या चाचणीच्या तक्त्यात ती मिळाली नसती.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. नोव्हेंबर 1923 मध्ये रेंटेनमार्क आला, सरकारला मिळणाऱ्या कर्जावर मर्यादा आली आणि राईश्सबँकेने सरकारची कर्जपत्रं घेणं थांबवलं. मार्क 4.2 लाख कोटींवर स्थिरावला, किमती थांबल्या. पण चलनातल्या नोटा त्यानंतरही कित्येक महिने झपाट्याने वाढत राहिल्या! तूट भरायला नोटा छापल्या जाणार नाहीत हा विश्वास बसल्यावर लोक पैसा पुन्हा हातात ठेवू लागले होते. आधीच्या महिन्यांवर बसवलेल्या समीकरणाने हे कधीच सांगितलं नसतं, कारण ज्या नियमाने सरकार नोटा छापत होतं तो नियमच बदलला होता.

तुम्ही रिझर्व्ह बँकेचा एम3 आणि घाऊक किंमत निर्देशांक घेऊन चाचणी लावाल, तेव्हा हे आठवा. निकाल लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा: लोकांना चलनवाढीची चाहूल आधी लागत होती का, मध्यवर्ती बँक किमती बघून चलन बदलत होती का, आणि त्या काळात धोरणाचा नियम बदलला का. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर बाणाची दिशा म्हणजे कारणाची दिशा नव्हे.

माझं वाक्य आता असं आहे: "या कालखंडात मागील महागाईमुळे पुढील चलनवाढीचा अंदाज सुधारतो, यावरून चलन रोखल्यास किमतींचे काय होईल, हे ठरत नाही." सरांनी त्याखाली रेघ मारली नाही. त्यांनी फक्त समासात लिहिलं, "मग ते ठरवणार कसं?" सध्या माझं तिसरं प्रकरण त्यावरच अडकलंय.