पाककृतीच्या टाचणांतील खाडाखोड व तिची नक्कल : एक चिकित्सा

(१)

जुन्या कागदाची नक्कल उतरतांना खोडलेल्या शब्दाचें काय करावें, हा प्रश्न बखरींच्या व सनदांच्या संपादकांस नवा नाहीं. सनदेंत खोड क्वचितच आढळते, आणि आढळली तर ती संशयास कारण होते. घरगुती पाककृतीच्या टाचणाची गोष्ट अगदीं निराळी आहे. हा कागद एकदां लिहून बंद होत नाहीं. तो चुलीजवळ राहतो, आणि ज्याच्या हातीं स्वयंपाक असेल तो त्यावर खोडतो, वर लिहितो, समासांत भर घालतो व बाण काढून शब्दांच्या जागा बदलतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ सन १८७५ मध्यें छापून निघालें, तेव्हांपासून छापील पाककृतीस एक कायम रूप मिळालें. हस्तलिखित टाचणास तें रूप कधींच मिळालें नाहीं.

अशीं टाचणें अलीकडे संग्रहांत येऊं लागलीं आहेत व त्यांच्या नकला संगणकावर साध्या अक्षरांत उतरल्या जात आहेत. त्या उतरण्याच्या दोन पद्धति रूढ आहेत. एकींत खोडलेलें गाळून, बाणांची आज्ञा पाळून, शेवटचा पाठ तेवढा नितळ लिहिला जातो. दुसरींत कांहीं खुणा योजून खाडाखोडही दाखविली जाते. पहिली पद्धति त्याज्य कां, व दुसरींतील रूढ खुणा अपुऱ्या कां, हें येथें एका उदाहरणावरून पाहावयाचें आहे.

(२)

उदाहरण त्र्यंबकेश्वरचें घेऊं. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या वंशावळींच्या वह्या, म्हणजे नामावळी, असतात हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याच घरांत नारायण-नागबलीसारख्या तीन दिवसांच्या विधीकरितां आलेल्या यजमानांचीं पानें मांडावीं लागतात. घरच्या माणसांपुरता असलेला स्वयंपाक त्या दिवशीं दुप्पट-अडीचपट होतो, आणि टाचणावरील मापें बदलतात. अशा घरांत असावें तसें श्राद्धाच्या खिरीचें एक टाचण आम्हीं विवेचनासाठीं रचून घेतलें आहे. तें कोणाच्या दप्तरांतील नव्हे. पण त्यांतील प्रत्येक अडचण अशा कागदांत नित्य भेटणारी आहे.

टाचणावर तीन हात आहेत. मूळ मजकूर काळ्या शाईचा. त्यास ‘क’ म्हणूं. दुसरा निळ्या शाईचा, तो ‘ख’. तिसरा शिसपेन्सिलीचा, तो ‘ग’. क हातानें लिहिलें तें असें: दहा पानांची खीर, दूध दोन शेर, तांदूळ एक वाटी धुवून निथळून, साखर दीड वाटी, दुधास उकळी आल्यावर साखर घालावी, तांदूळ घालावे, मऊ शिजवावे. ख हातानें ‘शेर’ खोडून वर ‘लिटर’ केलें, समासांत ‘तुपावर परतून’ असें लिहून तेथून तांदुळाच्या ओळीकडे बाण काढला, आणि ‘साखर घालावी’ हे शब्द वेढून दुसरा बाण ‘मऊ शिजवावे’ याच्या पुढें नेला. ग हातानें ‘दहा’ खोडून ‘पंचवीस’ केलें व ‘दोन’ खोडून डाव्या समासांत ‘पाच’ लिहिलें. तांदूळ व साखर यांच्या मापांस ग हातानें स्पर्श केलेला नाहीं.

(३)

आतां नितळ नक्कल करून पाहा. पंचवीस पानें, पांच लिटर दूध, एक वाटी तांदूळ, दीड वाटी साखर, असा पाठ निघतो. ही खीर कोणी कधीं केली नसेल. ती पाण्यासारखी पातळ व अळणी होईल. दूध अडीचपट झालें, तर तांदूळ अडीच वाट्या व साखर पावणेचार वाट्या हव्यात. पेन्सिलीनें लिहिणाऱ्यास तें ठाऊक होतें. दुधाचें माप गवळ्यास सांगावयाचें म्हणून तेवढेंच त्यानें टिपलें असावें, बाकीचें हातच्या अंदाजावर सोडलें. अर्थात् नितळ नकलेनें जो ‘शेवटचा पाठ’ म्हणून पुढें केला, तो एका पुऱ्या पाठावर एक अपुरी सुधारणा बसवून झालेला आहे. त्यांत दहा पानांचा पाठ नष्ट झाला, आणि पंचवीस पानांचा हातीं आला नाहीं.

यावरून एक नियम निघतो. टाचणांतील खोड ही पुष्कळदां मागील पाठ रद्द करीत नाहीं. घरच्या दिवशीं दहा पानांचा पाठ चालू, यजमान आल्यावर पंचवीसांचा चालू, असे दोन्ही पाठ एकाच वेळीं जिवंत असूं शकतात. म्हणून कोणता शब्द कोणत्या हातानें खोडला हें न सांगणारी नक्कल अपुरी समजावी.

कालनिर्णयाचेंही तसेंच आहे. दशमान मापांचा कायदा सन १९५६ चा असून तीं मापें ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें अमलांत आलीं. तेव्हां ‘लिटर’ करणारी निळी शाई बहुधा त्यानंतरची, इतकें म्हणतां येतें. उलट, ‘शेर’ आहे म्हणून काळी शाई त्यापूर्वींचीच असें म्हणतां येत नाहीं. जुनीं मापें तोंडीं पुढेंही पुष्कळ दिवस राहिलीं. शिवाय पक्का शेर ८० तोळ्यांचा, तर मुंबईचा शेर सुमारें २८ तोळ्यांचा; टाचणांतील शेर कोणता हें त्यावरूनच ठरत नाहीं. ‘शेर’ खोडल्याची खूण नकलेंत राहिली नाहीं, तर हा सर्व विचारच खुंटतो.

(४)

खाडाखोड दाखविण्याच्या खुणा आपल्याकडे नवीन नाहींत. पोथ्यांचे लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फाशीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. सुटलेला मजकूर जेथें घालावयाचा तेथें काकपद काढून तो समासांत लिहीत, व पुष्कळदां जवळ ओळीचा अंक देत. शब्दांचा क्रम बदलावयाचा असेल तर शब्दांच्या डोक्यावर १, २ असे अंक मांडीत. हरताळाचा दोष हा कीं त्याखालचें अक्षर वाचतां येत नाहीं. काकपद व अंक मात्र आजही उपयोगी आहेत, तें पुढें दिसेल.

युरोपांत पपायरसांच्या अभ्यासकांनीं सन १९३१ मध्यें लायडेन येथें खुणांचा एक संकेत ठरविला. त्यांत लेखकानें स्वतः खोडलेलें दुहेरी चौकटी कंसांत, लेखकाकडून सुटलेलें पण संपादकानें घातलेलें कोनाकृति कंसांत, व संपादकास फाजील वाटलेलें महिरपी कंसांत देतात. लेखकाची खोड व संपादकाची खोड यांची अशी फारकत हा त्या संकेताचा मोठा गुण होय. आमच्या टाचणांत कोणी संपादक ‘एक वाटी’ च्या जागीं ‘अडीच’ घालूं पाहील, तर त्याला हा संकेत अडवील. तें मत टीपेंत जावें, पाठांत नव्हे. परंतु त्याच्या मूळ खुणांत कोणता हात, कोणता समास, बाण कोठून कोठें, हें सांगण्याची सोय नाहीं. पपायरसावर ती गरज थोडी होती; टाचणावर ती मुख्य आहे.

संगणकावर नकला करणारे बहुधा तिसरीच खूण वापरतात. खोडलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस `~~` हें चिन्ह दिलें कीं कित्येक ठिकाणीं पडद्यावर तो शब्द आडव्या रेघेनें खोडलेला दिसतो. दिसावयास हें सोयीचें आहे. धोका तो मजकूर पुढें नेतांना आहे. रेघ दिसूं लागली कीं चिन्ह अदृश्य होतें, आणि तेथून मजकूर उचलून साध्या कागदावर उतरला कीं पुष्कळदां रेघही जाते. मग ‘दूध दोन पाच शेर लिटर’ असा मजकूर उरतो व खोडलेला शब्द पुन्हां जिवंत होतो. एकापुढें एक अशीं विसंगत मापें नकलेंत दिसलीं, तर खुणा गळाल्याचा संशय प्रथम घ्यावा.

देवनागरीपुरती आणखी एक अडचण आहे. लेखक कधीं कधीं नुसती मात्रा खोडतो. पण मात्रा एकटी चिन्हांत घातली तर संगणक तिला अक्षरापासून तोडतो व ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवितो. शब्द शोधूनही सांपडत नाहीं. म्हणून ‘वाटी’ चें ‘वाट्या’ केलें असेल, तर ‘वाटी’ हा संपूर्ण शब्द खोडलेला व ‘वाट्या’ हा संपूर्ण शब्द घातलेला दाखवावा, आणि प्रत्यक्ष खोड किती अक्षरांची आहे तें टीपेंत सांगावें.

(५)

या सर्वांचा विचार करितां चिन्हांऐवजीं चौकटी कंसांत मराठी शब्दच लिहावे, असें आमचें मत आहे. शब्द अदृश्य होत नाहींत, आणि ज्यास संकेत ठाऊक नाहीं त्यासही ते वाचतां येतात. वरील टाचणाची नक्कल मग अशी होईल:

```
१ तांदळाची खीर. [खोड ग: दहा] [वर ग: पंचवीस] पाने.
२ दूध [खोड ग: दोन] [डावा समास ग: पाच]
  [खोड ख: शेर] [वर ख: लिटर].
३ तांदूळ एक वाटी, धुवून निथळून [बाण १ येथे?].
४ साखर दीड वाटी.
५ दुधास उकळी आल्यावर [बाण २ ख येथून: साखर घालावी,]
  तांदूळ घालावे, मऊ शिजवावे [बाण २ येथे].
[समास ख, बाण १ येथून: तुपावर परतून]
```

बाणांची योजना विशेष पाहण्यासारखी आहे. बाणाचें चित्र साध्या अक्षरांत नीट उतरत नाहीं. तें ओळींच्या लांबीवर अवलंबून असतें व ओळ मोडली कीं भलतीकडेच रोंख दाखवितें. म्हणून पोथीकारांप्रमाणें अंक देऊन बाणाचीं दोन्ही टोकें नोंदविलीं आहेत. पहिल्या बाणाचें टोंक तिसऱ्या व चवथ्या ओळींच्या मधल्या जागेंत थांबतें असें समजा. परतावयाचे ते तांदूळ, हें अर्थावरून उघड आहे. पण अर्थावरून ठरविलें म्हणूनच तेथें प्रश्नचिन्ह हवें. डॉ. सुकथनकरांनीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत (आदिपर्व, सन १९३३) अनिश्चित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली. साध्या अक्षरांत ती रेघ येत नाहीं, तेथें प्रश्नचिन्हानें तेंच काम भागतें.

दुसरा बाण निराळ्या जातीचा आहे. पहिला बाण भर कोठें घालावी तें दाखवितो. दुसरा लिहिलेल्या शब्दांची जागा बदलतो. साखर आधीं पडली तर तांदूळ मऊ होण्यास फार वेळ लागतो व शीत कणीदार राहतें, हें स्वयंपाक करणारास माहीत असतें. क हातानें तो क्रम उलटा लिहिला आणि ख हातानें सुधारला. बाणाची आज्ञा पाळून ‘साखर घालावी’ मुकाट्यानें शेवटीं लिहिलें, तर कृति बरोबर येईल, पण ती सुधारणा झाली होती हा पुरावा जाईल. म्हणून शब्द मूळ जागींच ठेवावे व बाण नुसता नोंदवावा. त्याप्रमाणें वाचावयाचें कीं नाहीं हें वाचकाचें काम.

(६)

या संकेताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच शब्दावर दोन हातांनीं दोनदां खोड केली असेल, तर कंसांत कंस येऊन वाचन कठीण होतें; तेथें ओळ तीन वेळां, प्रत्येक हाताच्या स्थितीप्रमाणें, वेगळी लिहिणें बरें. मूळ टाचणांतच चौकटी कंस असतील तर तसें आरंभीं सांगावें. मोठ्या संग्रहांसाठीं टी.ई.आय. या नांवाचा सविस्तर संकेत आहे. त्यांत खोडीस `<del>`, भरीस `<add>` व बाणासारख्या खुणेस `<metamark>` अशीं नांवें आहेत. वरील शब्द एकरूप ठेवले असतील तर नकलेचें त्या संकेतांत रूपांतर पुढें केव्हांही करितां येईल.

हात ओळखणें हें मात्र कोणत्याही संकेतानें साधत नाहीं. शाई बदलली म्हणजे माणूस बदललाच असें नाहीं. एकाच गृहिणीनें वीस वर्षांच्या अंतरानें काळी, निळी व पेन्सिल वापरली असेल. म्हणून क, ख, ग हीं अक्षरें व्यक्तींचीं नसून लेखनसाधनांचीं आहेत, असें नकलेच्या माथ्यावर स्पष्ट लिहावें. तेथेंच खुणांची यादी द्यावी, कारण यादी वेगळ्या कागदावर राहिली कीं ती हरवते. आणि नकलेबरोबर टाचणाचें दोन्ही बाजूंचें छायाचित्र ठेवावें. पेन्सिल विटत जाते, आणि पंचवीस पानांची नोंद तिनेंच केलेली आहे.