कोपऱ्यातला पाव चौरस

सांत अंतर पद्धतीचे प्रकरण उघडले की पहिल्यांदा भेटते ते पदार्थाच्या पोटातल्या नोडचे समीकरण. स्थिर अवस्थेत त्या नोडचे तापमान चार शेजाऱ्यांच्या तापमानांची सरासरी असते, एवढेच ते सांगते. समीकरण देखणे खरे, पण चारही दिशा तिथे सारख्याच असल्यामुळे ते कुठून जन्माला आले याचा माग त्याच्या अंगावर उरत नाही. तो माग पाहायचा तर आपण काठावर जावे, आणि काठावरही थेट कोपऱ्यात. समजा, एका चौकोनी छेदाचा वरचा पृष्ठभाग वाऱ्याला उघडा आहे आणि उजवी बाजू उष्णतारोधक आवरणाने झाकलेली आहे. हे दोन काठ जिथे मिळतात तिथल्या नोडचे समीकरण असे:

T_W + T_S + Bi·T∞ = (2 + Bi)·T

T हे कोपऱ्याचे तापमान, T_W डावीकडच्या शेजाऱ्याचे, T_S खालच्या शेजाऱ्याचे आणि T∞ हवेचे. Bi म्हणजे hΔ/k. त्यात h हा अभिसरणाचा गुणांक, k उष्णतावाहकता आणि Δ दोन नोडांमधले अंतर. एका ओळीचा हा ऐवज आपण सावकाश उलगडून पाहू.

प्रत्येक नोडभोवती, शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावरून रेषा ओढून, आपण एक छोटे नियंत्रण घनफळ आखतो. पोटातल्या नोडला त्यातून Δ बाजूचा पुरा चौरस मिळतो. कोपऱ्यातल्या नोडचा मात्र एक चतुर्थांश भागच पदार्थात असतो, बाकीचा बाहेर पडतो. या पाव चौरसाच्या चारही बाजू Δ/2 लांबीच्या असतात, आणि कागदाच्या आत खोली एक मीटर धरली की याच लांब्या क्षेत्रफळे होतात. आता प्रत्येक बाजूने उष्णता आतच येते आहे असे मानून जमाखर्च मांडू. डावीकडून वहनाने येते k·(Δ/2)·(T_W − T)/Δ, खालून k·(Δ/2)·(T_S − T)/Δ, वरून अभिसरणाने h·(Δ/2)·(T∞ − T), आणि उजवीकडून शून्य. स्थिर अवस्थेत या साऱ्यांची बेरीज शून्य. उष्णता प्रत्यक्षात कोणत्या दिशेने वाहते आहे हे आधी ठाऊक असण्याची गरजच नाही, कारण प्रत्येक कंसात ‘दुसऱ्याचे वजा स्वतःचे’ एवढाच क्रम आहे. उष्णता बाहेर जात असेल तर ते पद आपसूक ऋण होते.

सगळी बेरीज k/2 ने भागली की वरचे समीकरण हाती येते, आणि त्यात ते ‘अर्धे’ कुठेच दिसत नाहीत. तीनही वाटांच्या तोंडाची रुंदी Δ/2 असल्यामुळे ते एकमेकांत विरून गेले आहेत. उरले ते निव्वळ गुणोत्तर: दोन शेजाऱ्यांचे वजन प्रत्येकी एक, आणि हवेचे वजन Bi. हवा इथे तिसऱ्या शेजाऱ्यासारखी वागते. वारा जोराचा असेल, म्हणजे h मोठा असेल, तर Bi वाढतो आणि कोपरा हवेच्या तापमानाकडे ओढला जातो. झाकलेल्या बाजूला मात्र पदच नाही. रोधनासाठी निराळे समीकरण शोधावे लागत नाही, त्या बाजूचे पद लिहायचे नाही, इतकेच. दोन्ही काठ झाकलेले असतील तर Bi चे पदही गळते आणि कोपऱ्याचे तापमान दोन शेजाऱ्यांची साधी सरासरी होते.

या रीतीचे खरे सामर्थ्य आडवाटेने पाहिले की अधिक उमगते. नियंत्रण घनफळ सोडून, पृष्ठभागावरची अट थेट नोडवर लादायची म्हटली तर कोपऱ्यात पेच पडतो. वरचा काठ म्हणतो, खालून आलेली उष्णता वाऱ्याने नेली पाहिजे; उजवा काठ म्हणतो, डावीकडून काहीच येता कामा नये, म्हणजे T = T_W. एका बिंदूला दोन अटी. त्यांपैकी कोणती पाळायची? पाव चौरसाला हा प्रश्न पडतच नाही, कारण तो बिंदू नाही. त्याला चार स्वतंत्र बाजू आहेत आणि प्रत्येक काठाची अट आपापल्या बाजूवर सुखाने नांदते.

आता आकडे घालू. k = 2 W/m·K, h = 20 W/m²·K, Δ = 0.05 मीटर, म्हणजे Bi = 0.5. हवा 30 °C. छेद एकाच चौकटीचा आहे: डावा काठ 100 °C ला धरलेला, खालचा आणि उजवा काठ झाकलेला, वरचा उघडा. अज्ञात फक्त दोन. वरच्या उजव्या कोपऱ्याला A आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला B म्हणू.

100 + B + 15 = 2.5·A
B = (100 + A)/2

सोडवल्यावर A = 82.5 °C आणि B = 91.25 °C. आता ताळा पाहू. A च्या पाव चौरसात डावीकडून 17.5 वॅट येतात, B च्या पाव चौरसात 8.75 वॅट, आणि तेही पुढे वर A कडेच जातात. बेरीज 26.25. A च्या माथ्यावरून वारा नेतो तेही 20 × 0.025 × 52.5, म्हणजे 26.25 वॅट. जाळी इतकी विरळ असल्यामुळे तापमाने अंदाजेच आहेत, तरी उष्णतेचा हिशेब मात्र तंतोतंत जुळतो. हा गुण जाळीच्या बारकाईतून येत नाही. समीकरण जमाखर्चातूनच जन्मले म्हणून तो त्याच्या रक्तात आहे.

पण या ताळ्याला भुलू नये. कोपऱ्याच्या माथ्याची लांबी Δ/2 ऐवजी चुकून Δ धरली, तर A = 72 आणि B = 86 येते, आणि तरीही आत येणारे 42 वॅट बाहेर जाणाऱ्या 42 वॅटशी चोख जुळतात! चूक तिच्याच मापाने मोजली तर खरीच भासते. उजवीकडच्या गुणकात डावीकडच्या वजनांची बेरीज आली का, ही दुसरी तपासणी चिन्हांच्या चुका पकडते, पण इथे तीही फसते. इथे उपयोगी पडते ती साधी भूमिती: सगळ्या नोडांच्या वाट्याला आलेल्या उघड्या लांब्यांची बेरीज खऱ्या पृष्ठभागाएवढी व्हायला हवी. वरचा काठ Δ लांबीचा. त्यातला अर्धा A चा, अर्धा डावीकडच्या 100 अंशांच्या नोडचा. A ला पुरा Δ दिला की बेरीज दीडपट होते आणि चोरी उघडी पडते. हीच मोजणी आणखी एक विसर टाळते. डाव्या नोडचे तापमान आधीच ठाऊक असल्याने त्याचे समीकरण आपण लिहीत नाही, पण त्याच्या अर्ध्या माथ्यावरून 35 वॅट जातातच. वाऱ्याने नेलेली एकूण उष्णता म्हणून 26.25 नव्हे, 61.25 वॅट.

एकदा हे उमगले की सपाट पृष्ठभागाचे समीकरणही बोलके होते. डावीकडे पदार्थ आणि उजवीकडे वारा असेल तर ते असे दिसते:

2T_W + T_N + T_S + 2Bi·T∞ = (4 + 2Bi)·T

पाठ्यपुस्तकात कोड्यासारखा वाटणारा तो 2 म्हणजे केवळ बाजूंच्या रुंदीचे गुणोत्तर आहे: आत जाणारी आणि वाऱ्याकडची बाजू पुऱ्या Δ ची, काठाला लागून असलेल्या वरच्या-खालच्या बाजू अर्ध्या. आत वळलेल्या कोपऱ्यात, जिथे पदार्थ तीन चतुर्थांश उरतो आणि दोन्ही उघड्या काठांना वारा लागतो, तिथे शेजाऱ्यांची वजने 2, 2, 1, 1 होतात, हवेचे 2Bi, आणि नोडचे अर्थातच 6 + 2Bi. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा चार चौरसांची ही चार समीकरणे पाठ करण्याजोगी मुळीच नाहीत. चौरस काढावा, त्याच्या बाजू मोजाव्यात, आणि समीकरण आपल्यासमोर स्वतःच लिहिले जाते.