दाताला चिकटलेली पिशवी

बेंगळुरूच्या दंतमहाविद्यालयांत बेळगाव-निपाणीकडची मराठी मुलं बरीच भेटतात. ओपीजीवर अक्कलदाढेच्या डोक्याभोवती काळी गोल सावली आणि तिला बारीक पांढरी कड दिसली की ती एका दमात सांगतात, ‘डेंटिजेरस सिस्ट’. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, आणि म्हणूनच ते घातक आहे.

डेंटिजेरस सिस्टची ओळख तिच्या पकडीत आहे. न उगवलेल्या दाताचा मुकुट पिशवीत असतो आणि पिशवीची भिंत दाताच्या मानेला, म्हणजे इनॅमल आणि सिमेंटम जिथे भेटतात तिथे, चिकटलेली असते. एक्स-रेवर ही पकड भासते, पण सिद्ध होत नाही. सिद्ध करायची तर नमुना हातात घेऊन पाहावं लागतं.

विशीतल्या एका रुग्णाचं उदाहरण घेऊ. सावली अगदी पुस्तकी आहे, पण पिशवी कापल्यावर पिवळसर पाण्याऐवजी चीजसारखा पांढरा गर निघाला. स्लाइडवर दोन-तीन पेशींच्या पातळ अस्तराऐवजी सहा-आठ पेशींचं, वरून लहरी केराटिनचं अस्तर दिसलं आणि तळाच्या गडद पेशी कुंपणासारख्या उभ्या होत्या. हा ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट. डेंटिजेरस असती तर दातासकट काढून काम संपलं असतं. लहान मुलात नुसती खिडकी करून दात उगवूही दिला असता. केराटोसिस्ट मात्र नुसत्या खरवडण्याने पुन्हा उद्भवतो, म्हणून भोवतालचं हाडही तासतात आणि रुग्णाला वर्षानुवर्षं तपासत राहतात. डब्ल्यूएचओने २००५ मध्ये त्याला ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट. नाव बदललं, स्वभाव तोच राहिला.

रॅडिक्युलर सिस्टमध्येही प्रश्न नात्याचाच. दात मेलेला असतो आणि मुळाच्या टोकाशी सावली दिसते. पण ती ग्रॅन्युलोमा की सिस्ट, हे एक्स-रे सांगत नाही. नायर यांनी १९९६ मध्ये मुळासकट काढलेले २५६ नमुने सलग कापांत तपासले. त्यांत जेमतेम १५ टक्के सिस्ट निघाल्या. काहींची पोकळी मुळाच्या नळीत उघडत होती, काहींची सर्व बाजूंनी बंद होती. उघडी पोकळी रूट कॅनालने भरून येण्याची आशा जास्त, बंद असलेली अडून राहण्याची शक्यता अधिक. खरवडून आलेल्या तुकड्यांत हा फरक कायमचा हरवतो.

आपल्याकडे नेमकं इथेच ढिलाई आहे. फॉर्मवर ‘सिस्ट, खालचा जबडा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि दात डस्टबिनमध्ये गेलेला असतो. त्यात सूज असेल तर डेंटिजेरसचं अस्तरही जाड होऊन रॅडिक्युलरसारखं दिसतं. मग स्लाइडवाला निव्वळ अंदाज बांधतो.

तेव्हा शल्यचिकित्सकांना एवढंच सांगा: दात आणि पिशवी वेगळी करू नका, एकाच बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये घाला आणि ओपीजी सोबत जोडा.