ऋणात राहू इच्छिणारे

बँकेत वीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड जडली आहे. व्यासपीठावरून कोणी 'मी त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करतो' असे म्हणाला, की मी मनातल्या मनात त्याचे खाते चाळू लागतो. ऋणात राहणे पसंत करणारी माणसे आम्ही काउंटरवर रोज पाहतो. त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळी यादी असते.

गेल्या वर्षी एरंडोलला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचे चर्चासत्र झाले. कर्ज देणारे म्हणून आम्हा बँकवाल्यांनाही बोलावणे होते. दुपारचा एक वाजला, मागच्या बाजूने वरणाला फोडणी बसल्याचा वास आला आणि त्याच मुहूर्तावर एक गृहस्थ आभारप्रदर्शनाला उठले. 'शब्द अपुरे पडतात' म्हणाले आणि तेच अपुरे शब्द अठरा मिनिटे पुरवून पुरवून वापरले. मी पडलो कारकून, मोजायला बसलो. 'आभार मानतो' सत्तावीस वेळा, 'अमूल्य वेळात वेळ काढून' सहा वेळा. शिवाय प्रत्येक वक्त्याचे भाषण त्यांनी थोडक्यात पुन्हा सांगितले, ते वेगळेच. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आमचे एरंडोल, असे इथले लोक सांगतात. पण बकासुराचे गाडाभर अन्न आणि एका माणसात भागत असे हो! इथे अन्न समोर तसेच ठेवून दोनशे माणसे बसवली होती.

आता न्यायाने बोलायचे तर सगळा दोष त्या गृहस्थांचा नाही. थोडा मराठीचाही आहे. आपले क्रियापद येते वाक्याच्या शेवटी. त्यामुळे अमुक साहेब आले, आभार मानतो. तमुक साहेब बोलले, आभार मानतो. प्रत्येक वाक्य त्याच खुंटीला जाऊन अडकते. हे लक्षात आले की माणूस शब्द बदलू पाहतो. मग 'ऋणी आहे', 'कृतज्ञता व्यक्त करतो', आणि घाईत 'धन्यवाद मानतो'. (धन्यवाद देतात, मानतात ते आभार. पण भूक लागलेल्या सभेत हे कोण सांगणार?) शब्द बदलला तरी खुंटी तीच राहते.

दुसरी भानगड यादीची. हा धडा मी स्वतः गिरवला आहे. एका समारंभात मी नावानिशी एकवीस जणांचे आभार मानले आणि ज्याने भर उन्हात सायकलवर माइक आणला, त्या आमच्या शिपायाचे नाव राहिले. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' हे शेपूट मी जोडले होते. पुढचे तीन महिने तो माझा चहा सगळ्यात शेवटी, गार करून आणी. म्हणे, ''साहेब, आम्ही अज्ञातातले.'' नावे वाचायला लागलो की जो राहिला तो मुद्दाम गाळल्यासारखा दिसतो. मोघम बोललो तर सगळेच गळतात.

यंदा त्याच कंपनीचे चर्चासत्र पुन्हा त्याच कार्यालयात झाले. आभाराला कंपनीतली एक पोरगेली मुलगी उभी राहिली. हातात कागद नव्हता. मी सवयीने पेन काढले आणि घड्याळ लावले. ती जे बोलली ते जवळजवळ असे:

''फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबमापक लावा, दोन काट्यांतलं अंतर वाढलं की फिल्टर तुंबला म्हणून समजा, हे पाहुण्यांनी सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकांनी ते पिशवीवर लिहून घेतलेलं मी पाहिलं. अध्यक्षांनी स्वतःचं भाषण अर्ध्यावर थांबवून शेतकऱ्यांचे प्रश्न घेतले. अकराला वीज गेली, तेव्हा वायरमनभाऊंनी पाच मिनिटांत जनरेटर सुरू केला. स्वयंपाकघरातल्या मावशी पहाटे पाचपासून चुलीपाशी आहेत. आणि कापूस वेचणीचे दिवस असून तुम्ही सगळे आलात. या सगळ्यांचे कंपनीतर्फे मनापासून आभार. पानं वाढली आहेत.''

एक मिनिट दहा सेकंद. 'आभार' हा शब्द एकदाच, शेवटी. खुंटी एकच ठेवली आणि सगळ्यांच्या टोप्या तिच्यावर टांगल्या! आधीच्या वाक्यांत नुसते कोणी काय केले ते होते. नाव एकाचेही नाही, आणि तरी वायरमन दारापाशी ताठ उभा राहिला. पाहुण्यांचे भाषण तिने पुन्हा सांगितले नाही. त्यातली एकच गोष्ट उचलली, पण ती अशी की पाहुण्यांना कळावे, कोणीतरी ऐकत होते. 'अमूल्य वेळ' म्हणण्याऐवजी वेचणीचे दिवस म्हणाली. वेचणीच्या दिवसात मजूर मिळणे किती कठीण हे ज्याला ठाऊक, त्याला त्या वेळेचे मूल्य निराळे सांगावे लागत नाही.

एक खोट मात्र काढतो, नाहीतर टीकाकार कसला! आम्हा बँकवाल्यांचा उल्लेख राहिला. पानावर बसल्यावर मी ते शाखाधिकाऱ्यांच्या कानावर घातले. ते भाकरी मोडत म्हणाले, ''आपण काय केलं होतं हो?''

मी आठवून पाहिले. मग वरण वाढून घेतले.