भरीव पट्टीचे चित्र

लिथियम-आयन घटाच्या आकृतीत विद्युत अग्र भरीव पट्टीसारखे काढतात; आमचा आक्षेप त्यालाच आहे. तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा लगदा लेपून वाळवला की उडून गेलेल्या द्रवाच्या जागी पोकळ्या उरतात. नंतर त्यांतच विद्युत अपघटनी भरते. समजा, लेप 100 मायक्रोमीटर जाड आहे आणि त्यात घन भाग 45 आहे. म्हणजे सच्छिद्रता 55 टक्के. रुळांमध्ये दाबून जाडी 70 केली, तर सच्छिद्रता सुमारे 36 टक्के होते. आयनांची वाट आखूड होते, पण अरुंदही होते. वाहकता सच्छिद्रतेच्या दीड घाताच्या प्रमाणात धरली, तर रोध सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. कमी जागेत ऊर्जा तेवढीच मावते. मात्र जलद चार्जिंगमध्ये पृष्ठभागावर लिथियम धातू साचू शकतो. भरीव पट्टीत ही तडजोड कशी दिसणार?