हर्नांडेझवर उतरवलेली रात्र

अॅन्सेल अॅडम्स यांचं ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र पाहताना रात्र झाली आहे असंच वाटतं. वरचं जवळजवळ अर्धं चित्र काळ्या आकाशाने व्यापलेलं आहे. त्या काळ्यात एकटा चंद्र, त्याखाली ढगांचा लांबट पांढरा पट्टा, मग बर्फाचे डोंगर, आणि अगदी खाली मातीच्या भिंतींचं चर्च, काही घरं आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस. प्रत्यक्षात १९४१ च्या नोव्हेंबरमधल्या त्या संध्याकाळी सूर्य अजून मावळायचा होता आणि आकाश उजळ होतं. ही रात्र पुढे डार्करूममध्ये उतरली.

सूर्य अॅडम्सच्या पाठीमागे ढगांआड जायच्या बेतात होता आणि क्रूसांवरचा उजेड कोणत्याही क्षणी विझणार होता. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची प्रखरता मात्र त्यांना आकड्यात पाठ होती. तेवढ्यावरून हिशेब करून त्यांनी गडद पिवळा फिल्टर लावला आणि ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवर एफ/३२ ला एक सेकंद एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या निगेटिव्हची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

हिशेब चंद्राचा धरल्यामुळे चंद्र नेमका उतरला, पण गावाला प्रकाश कमी पडला. निगेटिव्हचा खालचा भाग विरळ राहिला, आणि अशा भागाची प्रिंट मळकट येते. १९४८ मध्ये अॅडम्सनी निगेटिव्हचा क्षितिजाखालचा भागच दाटपणा वाढवणाऱ्या रसायनात पुन्हा पुन्हा बुडवला. त्यामुळे झुडपं, भिंती आणि क्रूस यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक वाढला. हातातलं एकमेव निगेटिव्ह असं रसायनात घालायला धाडस लागतं.

आकाशाचं काम प्रिंट काढताना, दर वेळी नव्याने, हाताने व्हायचं. कागदाला जितका जास्त प्रकाश मिळेल तितका तो काळा होतो. म्हणून एन्लार्जरखाली गाव पुठ्ठ्याने झाकायचं, पुठ्ठा सतत हलवत ठेवायचा आणि आकाशाला जादा प्रकाश द्यायचा. पुठ्ठा थांबला तर क्षितिजावर रेघ उमटते. चंद्र निगेटिव्हवर चांगला दाट असल्याने तो या माऱ्यातही पांढरा टिकतो, पण मात्रा फार वाढली तर तोही राखाडी पडतो. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश राखाडी आहे आणि वरच्या भागात विरळ ढग दिसतात. १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये ते काळ्यात बुडालेले आहेत. मांडणी तीच, पण पहिल्या प्रिंटमध्ये गावावर चंद्र उगवलेला दिसतो आणि नंतरच्या प्रिंटमध्ये गाव अंधारात एकटं पडलेलं दिसतं.

आता क्रूसांकडे नीट पाहा. चंद्र समोर आहे. क्रूस चांदण्याने उजळले असते तर त्यांच्या पलीकडच्या बाजू चमकल्या असत्या आणि आपल्याकडच्या काळ्या राहिल्या असत्या. इथे चमकतात त्या आपल्याकडच्याच. म्हणजे हा उजेड मावळत्या सूर्याचा आहे. चंद्रही पूर्ण गोल नाही. पौर्णिमेआधीचा चंद्र दिवस मावळण्यापूर्वीच उगवतो, म्हणून तो डोंगरांच्या बराच वर आलेला आहे. आकाश कितीही काळं केलं तरी उजेडाची दिशा बदलता येत नाही. ही खूण कळल्यावरही चित्र मला खोटं वाटत नाही. ऊन तिरपं आणि क्षीण होतं, म्हणून ते चांदणं म्हणून खपलं. भर दुपारचं ऊन असतं तर चर्चच्या भिंतीवरच्या ठळक सावल्यांनी सगळं उघड केलं असतं.

फोटोतला ऋतू बदलायलाही उजेडाचा हाच अडसर येतो. उन्हाळ्यातल्या सड्याच्या फोटोत पावसाळा आणायचा तर वाळलेलं गवत हिरवं करता येतं, आभाळ काळवंडवता येतं. पण दगडांखालच्या कडक सावल्या मेमधल्याच राहतात. पावसाळी उजेड चहूकडून झिरपतो आणि त्यात धारदार सावली नसते. शिवाय ओला कातळ नुसता गडद दिसत नाही, त्यावर आभाळाची चकाकी असते. ती कोरड्या कातळाच्या फोटोत मुळातच नसते, ती नव्याने रंगवावी लागते. त्यामुळे मेमध्येच पण ढगाळ सकाळी टिपलेला फोटो या कामाला सर्वांत चांगला.

मला विचाराल तर अॅडम्सची उशिराची, काळ्या आकाशाची प्रिंट श्रेष्ठ. वरचे विरळ ढग नजर चंद्रापासून दूर ओढत होते. ते गेले आणि चंद्र ते क्रूस ही उभी वाट मोकळी झाली. मिळालं तर दोन्ही काळातल्या प्रिंट शेजारी ठेवून पाहा, आणि चंद्राआधी क्रूस पाहा.