डोळा, घड्याळ आणि जटलंड: एका जुन्या वादाची फेरतपासणी

३१ मे १९१६. उत्तर समुद्रात दुपारी पावणेचारच्या सुमारास ब्रिटिश आणि जर्मन बॅटलक्रूझर एकमेकांसमोर आल्या आणि जटलंडच्या लढाईला तोंड फुटले. ब्रिटिश ध्वजनौका ‘लायन’ने पहिली फैर झाडली तेव्हा तिच्या तोफांवर साडेअठरा हजार यार्डांचा पल्ला लावलेला होता. प्रत्यक्षात शत्रू सुमारे सोळा हजार यार्डांवर होता. साहजिकच गोळे शत्रूच्या डोक्यावरून जाऊन मैलभर पलीकडे पडले. पुढच्या चाळीस मिनिटांत ‘इन्डिफॅटिगेबल’ आणि ‘क्वीन मेरी’ या दोन ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या आणि बावीसशेहून अधिक माणसे मेली.

या नौकांच्या पोटात पल्ल्याचे गणित करणारी यंत्रे बसवलेली होती. तरीही असे का झाले, या प्रश्नावर दोन महत्त्वाची पुस्तके एकमेकांविरुद्ध उभी आहेत. जॉन सुमिदा यांचे ‘इन डिफेन्स ऑफ नेव्हल सुप्रीमसी’ १९८९ साली निघाले. जॉन ब्रूक्स यांचे ‘ड्रेडनॉट गनरी अँड द बॅटल ऑफ जटलंड’ २००५ साली आले. सुमिदा म्हणतात, चांगले यंत्र उपलब्ध असताना आरमाराने कमी प्रतीचे यंत्र निवडले. ब्रूक्स म्हणतात, निवडलेले यंत्र कामाला पुरेसे होते, चूक दुसरीकडे होती. मला ही दोन्ही पुस्तके मोलाची वाटतात, आणि दोन्हींमध्ये एकेक जागा कच्ची वाटते. ती दाखवण्याआधी हे यंत्र कशासाठी हवे होते, ते समजून घेऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराचा नेमबाजीचा सराव दीड हजार यार्डांच्या आसपास चाले. गोलंदाज दृष्टियंत्रातून पाही आणि नौका डोलता डोलता लक्ष्य नजरेच्या रेषेत आले की तोफ डागी. पर्सी स्कॉट यांनी ‘सिला’ या क्रूझरवर गोलंदाजांना डोलणाऱ्या नौकेवरही नेम सतत लक्ष्यावर धरून ठेवायला शिकवले. १८९९च्या सरावात त्या नौकेचे ८० टक्के गोळे लागले आणि आरमारात खळबळ उडाली. पण ही करामत जवळच्या पल्ल्याची होती. तिथे गोळ्याचा मार्ग जवळपास सपाट असतो. पल्ल्याच्या अंदाजात शंभर-दोनशे यार्डांची चूक झाली तरी गोळा नौकेच्या उंच कुशीत कुठेतरी बसतो. आठ-दहा हजार यार्डांवर मात्र गोळा वरून खाली येतो. तिथे तेवढीच चूक झाली तर तो पाण्यात पडतो.

लांबच्या पल्ल्यावर नेम धरणे पुरत नाही, अंतर माहीत असावे लागते. शिवाय ते अंतर दर क्षणाला बदलत असते. एक साधे उदाहरण घेऊ. आपली नौका उत्तरेकडे २० नॉट वेगाने चालली आहे. शत्रू समांतर रेषेवरून दक्षिणेकडे तेवढ्याच वेगाने येतो आहे. दोन रेषांमध्ये ६,००० यार्डांचे अंतर आहे आणि शत्रू अजून ८,००० यार्ड पुढे आहे. म्हणजे पल्ला बरोबर १०,००० यार्ड. दोघांचा मिळून वेग ४० नॉट, म्हणजे मिनिटाला सुमारे १,३५० यार्ड. पण शत्रू तिरका दिसत असल्यामुळे पल्ला मिनिटाला १,०८० यार्डांनी घटतो. गोळ्याला तिथवर पोहोचायला साधारण पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात पल्ला २७० यार्डांनी कमी झालेला असतो. म्हणून शत्रू जिथे दिसतो तिथे नव्हे, जिथे असणार तिथे तोफ डागावी लागते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. हा १,०८०चा आकडा धरून बसलो तर तीन मिनिटांनी पल्ला ६,७६० यार्ड असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो ७,१८० यार्डांच्या आसपास असतो, कारण शत्रू जसजसा आडवा येतो तसतसा घट होण्याचा वेग स्वतःच मंदावतो. तीन मिनिटांनंतर तो साडेसातशेच्या खाली आलेला असतो आणि सहा मिनिटांनी दोन्ही नौका शेजारी येतात तेव्हा जवळजवळ शून्य होतो. चारशे यार्डांची ही चूक कोणाच्याही नजरेच्या दोषामुळे होत नाही. बदलाचा वेगही बदलतो, हे हिशेबात न धरल्यामुळे होते.

या कोड्याचा एक तुकडा लेफ्टनंट जॉन डुमारेस्क यांनी १९०२ साली सोडवला. त्यांच्या नावानेच ओळखले जाणारे उपकरण म्हणजे फिरत्या तबकडीवर बसवलेल्या दोन पट्ट्या. एक आपल्या नौकेचा वेग दाखवी, दुसरी शत्रूचा वेग आणि दिशा. पट्टीच्या टोकाखालच्या जाळीवर पल्ला बदलण्याचा वेग थेट वाचता येई. दुसरा तुकडा होता व्हिकर्स कंपनीचे पल्ला-घड्याळ. त्यात हा वेग लावला की काटा आपोआप पल्ला पुढेमागे सरकवी. पण वेग बदलला की तो माणसाने पुन्हा लावायचा. वरच्या उदाहरणातली चूक इथेच शिरते.

आर्थर पोलन हे आरमारातले नव्हते. छापखान्यांशी संबंध असलेल्या वाचकांना लिनोटाइप हे नाव परिचित असेल, त्या कंपनीच्या इंग्लंडमधील शाखेचे ते व्यवस्थापक होते. १९०० साली माल्टाजवळ नौकांचा सराव पाहताना त्यांना आश्चर्य वाटले. त्याच जातीच्या तोफा दक्षिण आफ्रिकेतील युद्धात जमिनीवरून याच्या कितीतरी पट अंतरावर मारा करत होत्या. त्यांनी आणि अभियंता हॅरॉल्ड इशरवुड यांनी पुढे ‘आर्गो क्लॉक’ बनवले. त्याच्या गाभ्याला लॉर्ड केल्व्हिन यांचे बंधू जेम्स थॉमसन यांची जुनी कल्पना होती. एक चकती सारख्या वेगाने फिरते, तिच्यावर एक गोळी टेकते आणि गोळी एका रुळाला फिरवते. गोळी चकतीच्या मध्यावर असेल तर रूळ थांबतो, कडेला सरकेल तसा वेगाने फिरतो. गोळीची जागा म्हणजे पल्ला बदलण्याचा वेग आणि रूळ किती फिरला म्हणजे एकूण बदल. गोळी न घसरता लोळत सरकते, त्यामुळे यंत्र चालू असताना वेग सहज बदलता येतो. आणि आर्गोमध्ये तो बदल यंत्र स्वतःच करी.

आरमाराच्या आतून आलेला प्रतिस्पर्धी म्हणजे फ्रेडरिक ड्रेयर. त्यांचे ‘टेबल’ वेगळ्या विचाराचे होते. पल्लामापकाची मोजमापे एका सरकत्या कागदावर वेळेनुसार टिंबांनी उमटत, शत्रूची दिशा दुसऱ्या कागदावर. टिंबांच्या ओळीचा कल पाहून पल्ला किती वेगाने बदलतो हे माणूस ठरवी. यंत्रात माणसांचे हात अधिक होते, खर्च कमी होता. १९०८च्या आरंभी ‘एरिएडनी’ नौकेवर पोलन यांच्या आधीच्या यंत्रणेची चाचणी झाली. त्याच वेळी ड्रेयर यांच्या साहाय्याने केलेल्या साध्या हाती पद्धतीशी तिची तुलना करण्यात आली आणि पोलन नाकारले गेले. काही आर्गो घड्याळे नंतर विकत घेतली गेली, पण आरमाराचे मुख्य साधन ड्रेयर टेबलच ठरले.

सुमिदा यांचे बलस्थान या निवडीच्या कथेत आहे. पैसा, हेवेदावे आणि नौदल खात्याचा बाहेरच्या माणसावरचा अविश्वास त्यांनी कागदोपत्री उभा केला. कच्ची जागा येते ती या कथेला जटलंडशी जोडताना. ‘क्वीन मेरी’वर आर्गो घड्याळ होते आणि तिने बरी नेमबाजी केली, हा त्यांचा एक आधार. पण ब्रूक्स दाखवतात की ते घड्याळ ड्रेयर यांच्याच टिंब-कागदांना जोडलेले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘लायन’ची पहिली चूक यंत्रातली नव्हती. ती पल्लामापकातून आली. या नौकांवर नऊ फुटी पल्लामापक होते. अशा उपकरणाची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पल्ला दुप्पट झाला की चूक चौपट. उपकरणाची लांबी वाढवली की ती कमी होते. सोळा हजार यार्ड, धूर आणि शत्रूच्या बाजूचा मंद उजेड एवढे जमले की आकडा बिघडतो. चुकीच्या आकड्यापासून सुरुवात केलेले सर्वोत्तम घड्याळही ती चूक इमानाने पुढे चालवते.

याची जवळजवळ प्रयोगशाळेतली चाचणी त्याच दुपारी झाली. थोड्या वेळाने ‘बारहॅम’च्या नेतृत्वाखालील पाचवे पथक सुमारे एकोणीस हजार यार्डांवरून लढाईत उतरले आणि काही मिनिटांतच त्याचे गोळे जर्मन नौकांवर पडू लागले. यंत्र ड्रेयर टेबलच्याच घराण्यातले. फरक असा की या नौकांवर पंधरा फुटी पल्लामापक होते आणि त्यांचा सराव स्कापा फ्लोच्या मोकळ्या पाण्यात झालेला होता. बीटी यांच्या बॅटलक्रूझर रोसाइथला असत, तिथे अशी सोय तोकडी होती. आणि ज्या जर्मनांनी आरंभी अचूक मारा केला, त्यांच्याकडे ड्रेयर टेबलाइतके गुंतागुंतीचे यंत्रच नव्हते. मोजमापाची शिस्त मात्र कडक होती.

इथवर ब्रूक्स यांचे म्हणणे मला पटते. पुढची पायरी पटत नाही. ड्रेयर टेबल पुरेसे होते असे ते म्हणतात, ते आरमार ज्या पद्धतीने लढणार होते त्या पद्धतीच्या मापाने. शत्रूशी जवळपास समांतर राहायचे आणि तोफा चालू असताना वळणे टाळायचे, ही ती पद्धत. अशा लढाईत पल्ला सावकाश बदलतो आणि टिंबांची ओळ सरळ दिसते. पण या पद्धतीमागे एक कारण हेही होते की वळत्या नौकेवरून हिशेब जमत नसे. पोलन यांचा सारा आग्रह नौका वळत असतानाही हिशेब तुटू नये, हा होता. साधनाच्या मर्यादेतून घडलेल्या डावपेचांना मापदंड धरून तेच साधन पुरेसे ठरवणे म्हणजे फूटपट्टीने फूटपट्टीच मोजणे होय.

दोन्ही लेखकांचा प्रश्न ‘कोणते यंत्र’ असा आहे. मला वाटते, यंत्र नेमके कोणाची जागा घेत होते, हे आधी विचारायला हवे. ते डोळ्याची जागा घेत नव्हते. पल्लामापकावर डोळाच होता. गोळ्यांचे पाण्याचे फवारे लक्ष्याच्या अलीकडे पडले की पलीकडे, हे डोलकाठीवरून सांगणाराही डोळाच होता आणि त्याची दुरुस्ती यंत्रात सारखी घातली जाई. यंत्र एका नजरेपासून दुसऱ्या नजरेपर्यंतचा काळ सांभाळत होते. धुरात शत्रू दिसेनासा झाला तर तो आता कुठे असेल याची आठवण ते ठेवी. दोन नजरांमधले अंतर जेवढे लांब आणि हालचाल जेवढी वाकडी, तेवढे चांगले यंत्र मोलाचे. पण पहिलीच नजर चुकली असेल तर ते निरुपयोगी. बीटी यांच्या नौकांचे पहिल्या मिनिटात पहिलीच नजर चुकल्याने बिघडले. त्यावरून आर्गो घड्याळाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही.

आरमाराने स्वतः काढलेला निष्कर्ष याला पूरक आहे. १९२५ साली शोधकांना मोबदला देणाऱ्या रॉयल कमिशनने पोलन यांना ३०,००० पौंड मंजूर केले. १९२७ साली सेवेत आलेल्या ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या युद्धनौकांवर नवे अ‍ॅडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल बसले. त्यात आर्गोच्या विचारातून आलेला, स्वतःहून वेग बदलणारा हिशेब होता. आणि त्याच टेबलावर, फवारे पाहणाऱ्या माणसाचा शब्द आत घेण्यासाठी, हाताने फिरवायची चाकेही होती.